निचऱ्याचे पाइप टाकूनही शेत उपळतंय? दोन ओळींमधलं अंतर तपासा

शहापूर तालुक्यात, भातसा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला काकांचं ३० गुंठे शेत आहे. पावसाळ्यात भात, आणि भात निघाल्यावर भेंडी. मी ठाण्यात राहतो. दर शनिवारी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरतो आणि दोन दिवस शेतावर काढतो. कालव्याला पाणी सुटलं की आठ-दहा दिवसांत या शेताची जमीन उपळायला लागायची. वरून पाणी दिलेलं नसतानाही पाय टाकला की टाच रुतायची आणि खड्ड्यात पाणी जमायचं. भेंडीची खालची पानं पिवळी पडायची, झाड गुडघ्याएवढं होऊन थांबायचं आणि वाशीला पाठवण्याजोगा माल जेमतेम निम्म्या शेतातून निघायचा.

त्यावर उपाय म्हणून एका ठेकेदाराकडून भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकून घेतले. ८० मिलिमीटरचे, वळ्यावळ्यांचे, छिद्रं असलेले पीव्हीसी पाइप, बाहेरून कापडी जाळीचं वेष्टण. खोली १ मीटर, दोन ओळींतलं अंतर २० मीटर. पहिल्या वर्षी थोडा फरक जाणवला, पण जानेवारीत शेत पुन्हा ओलं. दुसऱ्या वर्षीही तेच. ठेकेदाराचं म्हणणं पडलं की पाइप वर बसले आहेत, ब्रेकर लावून दीड मीटरवर न्यायला हवेत. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही थांबलो, आणि ते बरंच झालं, कारण तसं केलं असतं तरी शेत ओलंच राहिलं असतं.

हा त्रास अनेकांना होतो. पाइप टाकले, पैसे गेले, पाणी तिथेच. आम्ही दोष कसा शोधला आणि हिशेब कसा बसवला ते पुढे देतो. आकडे आमच्या शेताचे आहेत, रीत कुठल्याही शेतात चालेल.

पाणी कुठे अडलंय?

दोष पहिल्यांदा काकांच्या नजरेला दिसला. बांधावर उभं राहून ते म्हणाले, "पाइपाच्या वरची भेंडी बघ कशी तरारलीय. आणि मधली बघ. पट्टे पडलेत पट्टे." खरंच पट्टे होते. पाइपाच्या दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन मीटरपर्यंत झाडं कमरेएवढी, गर्द हिरवी. तिथून पुढे उंची उतरत जायची, आणि दोन ओळींच्या बरोबर मध्ये पिवळी, खुरटलेली. पुढची ओळ जवळ आली की झाडं पुन्हा चढती.

पाइप बंद पडला असता तर त्याच्या वरची झाडंही बसली असती. म्हणजे पाइप पाणी ओढत होता, फक्त त्याची ओढ मधल्या पट्ट्यापर्यंत पोचत नव्हती. पण नुसत्या झाडांवरून निकाल काढायला नको, कारण खताचा किंवा मातीचा फरक असला तरी पट्टे दिसू शकतात. म्हणून निरीक्षण नळ्या बसवल्या.

निरीक्षण नळी घरच्या घरी होते. दोन इंची पीव्हीसी पाइपाचा सव्वा मीटरचा तुकडा घ्यायचा, खालच्या ८० सेंटिमीटरला हॅक्सॉ ब्लेडने आडव्या चिरा पाडायच्या, त्यावर जुन्या सुती साडीचा एक पदर गुंडाळून सुतळीने बांधायचा. गिरमिटाने भोक पाडून त्यात नळी उभी करायची, भोवती जाड वाळू भरायची. जमिनीलगतचे वरचे २० सेंटिमीटर मात्र चिकणमातीने ठासायचे, नाहीतर सरीतलं पाणी नळीच्या कडेने थेट आत उतरतं आणि मोजणी खोटी येते. वर टोपण. आत पाणी किती खोल आहे हे मोजायला टेपच्या टोकाला लहानशी वाटी उपडी बांधली की पाण्याला टेकताना 'टप्' असा आवाज येतो.

नळ्या जोडीने बसवायच्या: एक पाइपापासून अर्ध्या मीटरवर, दुसरी दोन ओळींच्या बरोबर मध्यावर. आम्ही तीन जोड्या बसवल्या, शिवाय कालव्याकडच्या बांधाजवळ एक सुटी नळी. रोज सकाळी, पाणी देण्याआधी काका वहीत आकडे लिहायचे. त्या आकड्यांतून चार वेगवेगळे रोग ओळखता येतात.

पाइपाजवळची नळी खोल आणि मधली उथळ असेल तर पाइप ठीक आहे, अंतर जास्त झालंय.

दोन्ही उथळ असतील आणि पाइपाच्या तोंडातून पाणी येत नसेल किंवा अगदी थेंबथेंब येत असेल, तर पाइप तुंबला आहे किंवा वेष्टण बुजलं आहे. तोंडाशी नारिंगी, बुळबुळीत थर दिसला तर तो लोहाचा साका असतो. तोच वेष्टणाच्या छिद्रांतही बसतो.

दोन्ही उथळ आहेत आणि पाइपाचं तोंडच ओहोळाच्या पाण्यात बुडालेलं आहे, तर शेतात काहीही खणू नका. आधी ओहोळ साफ करा. तोंड ओहोळाच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा निदान वीतभर वर राहायला हवं.

आणि दोन्ही नळ्यांत पाणी खोल असूनही वरची माती चिखल झालेली असेल, तर दोष भाताच्या चिखलणीचा आहे. आपल्याकडे हा प्रकार फार होतो आणि फार कमी जणांच्या लक्षात येतो. वर्षानुवर्षं चिखलणी केल्याने १५-२० सेंटिमीटरवर दाबलेला, घट्ट थर तयार होतो. भाताला तो हवाच असतो, त्यावरच पाणी उभं राहतं. पण भेंडीच्या हंगामात सरीचं पाणी त्याच थरावर अडतं आणि खाली पाइप कोरडा राहतो. फावड्याने हातभर खोल खड्डा घेऊन बघा. वरची माती ओली, मग एक पट्टा चकचकीत, वीट कापल्यासारखा सपाट तुटणारा, आणि त्याखालची माती तुलनेने कोरडी दिसली, तर भात निघाल्यावर जमीन वाफशावर येताच खोल नांगरट करून तो थर फोडावा लागतो. पाइपांची संख्या वाढवून इथे काही होणार नाही.

आमच्या नळ्यांचे आकडे पहिल्या प्रकारात बसले. कालवा चालू असताना पाइपाजवळ पाणी जमिनीपासून ८८ सेंटिमीटर खोल, आणि मध्यावर फक्त १२. कालव्याकडच्या सुट्या नळीत ५.

२० मीटर का जमलं नाही

ठेकेदाराने २० मीटर अंतर आपल्या मनाने ठरवलं नव्हतं. खोल काळ्या जमिनीत त्याने तेवढ्या अंतरावर पाइप टाकले होते आणि तिथे ते चालले होते. चूक झाली ती पाइपाखाली काय आहे हे न बघण्यात. खोल जमिनीत पाणी सरळ आडवं वाहत पाइपाकडे येत नाही. ते खाली उतरतं, पाइपाच्या पातळीखालून मोठा वळसा घेतं आणि खालून वर पाइपात शिरतं. म्हणजे पाइपाखालची मातीसुद्धा पाणी वाहून नेण्याच्या कामाला येते. आमच्या शेतात १ मीटर १० सेंटिमीटरवर कातळ आहे. पाइप १ मीटरवर. खाली उरली १० सेंटिमीटर माती, त्यातून वळसा घ्यायला जागाच नाही. सगळ्या पाण्याला पाइपाच्या वरच्या थरातूनच यावं लागतं, आणि त्यासाठी मध्यावर पाण्याचा उंच फुगवटा लागतो. तो फुगवटा म्हणजेच आमचा पिवळा पट्टा.

हा हिशेब हूगहाउट या डच शास्त्रज्ञाच्या सूत्राने मांडता येतो. निचऱ्याच्या कामात ते जगभर वापरतात.

```
L² = (8·K·d·h + 4·K·h²) / q
```

L म्हणजे दोन ओळींमधलं अंतर, मीटरमध्ये. K म्हणजे मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं, दिवसाला मीटर. d म्हणजे पाइपाखाली पाणी वाहायला असलेला उपयोगी थर. h म्हणजे दोन ओळींच्या मध्यावर पाणी पाइपापेक्षा किती उंच राहिलेलं चालेल. q म्हणजे दिवसाला किती पाणी काढायचं आहे, तेही मीटरमध्ये. सूत्राचा पहिला भाग पाइपाखालच्या वाटेचा, दुसरा पाइपावरच्या वाटेचा. पाइपाखालचा थर जाड असला तर त्याची पूर्ण जाडी धरत नाहीत, कारण पाइपाजवळ येताना पाणी आखडतं आणि त्याला जास्त जोर लागतो. तिथे 'समतुल्य खोली' म्हणून कमी आकडा घेतात. आमच्यासारखा १० सेंटिमीटरचा थर असेल तर आहे तेवढा धरला तरी चालतं.

K आणि q स्वतः मोजा

K पुस्तकातून उचलू नका. एकाच गावात दोन शेतांत त्यात दहापट फरक असू शकतो. मोजायला ८ सेंटिमीटर व्यासाचं मातीचं गिरमिट, एक लांब डबा, टेप आणि घड्याळ एवढंच लागतं. शेत ओलं असतानाच हे करायचं, कारण भोकात पाणी हवं.

आम्ही कातळ लागेपर्यंत, म्हणजे ११० सेंटिमीटर, भोक पाडलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाणी जमिनीपासून २० सेंटिमीटरवर स्थिर झालेलं होतं, म्हणजे भोकात ९० सेंटिमीटर पाणी. डब्याने भराभर उपसून पातळी ६० सेंटिमीटर खाली नेली आणि लगेच घड्याळ लावलं. २ मिनिटांत पाणी ६ सेंटिमीटर वर आलं. मी टेप धरून वाकलो होतो आणि काका मोबाइलवर सेकंद मोजत होते. उपसणं आणि पहिलं माप यांत वेळ गेला तर सगळं बिघडतं, म्हणून हे काम दोघांनी करायचं. उपसलेल्यापैकी चौथा हिस्सा पाणी भरून येण्याच्या आत मोजणी संपवायची. त्यानंतरचा वेग मंदावलेला असतो.

भोकाचा तळ कातळावर टेकलेला असेल तर सूत्र असं:

```
K = C × (Δy/Δt)
C = 3600·r² / [(H + 10r)·(2 − y/H)·y]
```

इथे सगळी लांबी सेंटिमीटरमध्ये, वेळ सेकंदात, आणि K येतो दिवसाला मीटरमध्ये. r = ४, H = ९०, आणि y म्हणजे मोजणीच्या काळात स्थिर पातळीपासूनची सरासरी खोली, ६० आणि ५४ यांच्या मधली ५७. C आला ५.६९. वेग ६ भागिले १२० म्हणजे ०.०५. K आला ०.२८. (भोकाच्या तळाखाली चांगली खोल माती असेल तर ३६०० च्या जागी ४००० आणि १०r च्या जागी २०r घ्यायचं.) आणखी दोन भोकांत ०.२२ आणि ०.४० आले. आम्ही ०.३ धरून पुढे गेलो.

q साठी बादली पुरली. सगळ्या ओळी एका मुख्य पाइपाला मिळतात आणि तो ओहोळात उघडतो. कालवा चालू असताना, पाणी न दिलेल्या सकाळी तोंडाखाली १५ लिटरची बादली धरली. ती २ मिनिटं २५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साधारण ६.२ लिटर, दिवसाला सुमारे ९,००० लिटर. ३० गुंठे म्हणजे जवळपास ३,००० चौरस मीटर. भागाकार केला तर दिवसाला ३ मिलिमीटर, म्हणजे q = ०.००३. सलग चार सकाळी मोजलं, फारसा फरक आला नाही. फक्त एक काळजी घ्या: शेतातून वरूनही पाणी वाहून जात असेल तर बादलीतलं माप कमी पडतं, खरा q त्याहून मोठा असतो.

इथेच एक गैरसमज दूर झाला. आम्हाला कुणी सुचवलं होतं की ८० ऐवजी १०० मिलिमीटरचा पाइप टाका. आमच्या तीन ओळी मिळून मिनिटाला ६ लिटर देत होत्या, म्हणजे एका ओळीत जेमतेम २ लिटर. ८० मिलिमीटरचा वळ्यांचा पाइप हजारी दोनच्या उतारावर मिनिटाला साधारण ६० लिटर नेऊ शकतो. पाइप जवळजवळ रिकामाच वाहत होता. अडचण माती ते पाइप या वाटेत होती.

आकडे बसवून पाहू

आधी आहे ती स्थिती तपासली. L = २०, K = ०.३, d = ०.१, q = ०.००३ घालून h काढला, तर ०.९ मीटर येतो. म्हणजे मध्यावर पाणी पाइपाच्या ९० सेंटिमीटर वर, जमिनीपासून फक्त १० सेंटिमीटर खाली. आमच्या नळीत १२ होतं. तो आकडा जुळला तेव्हा मला या हिशेबावर विश्वास बसला. तुम्हीही नवी ओळ टाकण्याआधी जुन्या ओळींवर हे ताडून पाहा. सूत्राचा आकडा आणि नळीचा आकडा फार वेगळे आले, तर K किंवा q चुकला आहे, किंवा पाइपाला दुसरंच काही झालं आहे.

मग हवी ती स्थिती. भेंडीची बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीत असतात, म्हणून मध्यावरही पाणी निदान ५० सेंटिमीटर खाली हवं. पाइप १ मीटरवर, म्हणजे h = ०.५. सूत्रात घातलं: पहिला भाग ०.१२, दुसरा ०.३०, बेरीज ०.४२. त्याला ०.००३ ने भागलं तर १४०, आणि वर्गमूळ ११.८. म्हणजे १२ मीटर. आम्ही टाकलं होतं २०.

आता हेच शेत, हीच माती, पाइप तसाच १ मीटरवर, पण कातळ ३ मीटरवर असता तर? पाइपाखालच्या २ मीटर थराची समतुल्य खोली साधारण १.३ मीटर धरली, तर अंतर जवळपास २५ मीटर येतं. ठेकेदाराचे २० मीटर तिथे आरामात चालले असते. वरून दोन्ही शेतं सारखीच दिसतील. फरक कळायला गिरमिट खाली घालावंच लागतं.

आणि ब्रेकर लावून दीड मीटरवर जायचा सल्ला? त्याचाही हिशेब केला. पाइप कातळावर टेकवला, म्हणजे ११० सेंटिमीटरवर, तर h मिळतो ०.६ आणि d होतो शून्य. अंतर येतं १२.० मीटर. १ मीटरवर ११.८ होतं. फायदा २० सेंटिमीटरचा! कातळ फोडून आणखी खाली गेलो तरी त्यापुढे काहीच मिळत नाही, कारण पाणी मातीतून येतं आणि माती ११० वर संपते. कातळात खणलेला चर म्हणजे नुसती खोल मोरी. उलट पाइप ८० सेंटिमीटरवर आणला तर अंतर १० मीटरच्या आसपास येतं. उथळ कातळाच्या जमिनीत खोलीने थोडंच हाती लागतं, काम अंतरानेच करावं लागतं. मात्र खाली टणक कातळाऐवजी पाणी झिरपणारा मऊ मुरूम असेल तर गोष्ट अगदी उलट होते. तिथे पाइप मुरमात उतरवला तर अंतर बरंच वाढवता येतं. म्हणून गिरमिट जिथे अडतं तिथे पहारीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर कातळ. पहार रुतली आणि भोकात खालून पाणी भरू लागलं तर मुरूम.

K आणि q थोडे चुकले तर काय, अशी धास्ती मलाही होती. पण अंतर वर्गमूळाने बदलतं. q दुप्पट झाला तरी १२ मीटरचे साडेआठ होतात, सहा होत नाहीत. म्हणून माप अगदी काटेकोर नसलं तरी चालतं, फक्त ते स्वतःच्या शेतातलं हवं.

दुरुस्ती

जुन्या ओळी चांगल्या होत्या, त्या उखडायचं कारण नव्हतं. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक नवी टाकली की अंतर आपोआप १० मीटर होतं. १० मीटरला सूत्र मध्यावर पाणी ५९ सेंटिमीटर खोल दाखवतं. शेत ५० बाय ६० मीटरचं आहे, ओळी कालव्याला समांतर. म्हणजे मधल्या नव्या ओळी दोनच. तिसरी नवी ओळ कालव्याकडच्या बांधाच्या आत दीड मीटरवर घेतली. जुनी पहिली ओळ बांधापासून १० मीटर आत होती आणि कालव्याचं झिरपणारं पाणी आधी त्या पट्ट्यात वर येत होतं. बांधाजवळची ओळ ते शेतात पसरण्याआधीच उचलते. खालच्या बाजूला ओहोळ आहे, तो त्या कडेचं काम करतो.

चर एप्रिलच्या शेवटी खणले, कालवा बंद झाल्यावर आणि माती सुकल्यावर. ओल्या मातीत जेसीबीचं बकेट चराच्या भिंती लिंपून टाकतं, आणि लिंपलेली भिंत पाणी आत येऊ देत नाही. उतार ५० मीटरला १० सेंटिमीटर ठेवला: वरच्या टोकाला ९५, मुख्य पाइपाशी १०५. प्रत्येक ५ मीटरवर गवंड्याच्या लेव्हल नळीने माप घेतलं. जेसीबीवाल्याच्या अंदाजावर सोडलं तर मध्येच खळगा राहतो, त्यात गाळ बसतो आणि दोन वर्षांत ओळ तुंबते. पाइपाच्या भोवती वीतभर जाड वाळू-खडी घातली. त्यावर चरातली वरची भुसभुशीत माती आधी, खालची चिकण माती सगळ्यात शेवटी. मुख्य पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली, कारण ओहोळातले खेकडे आत शिरून बसतात.

तोंडाला एक आटे असलेलं टोपणही आहे. जूनमध्ये ते घट्ट लावायचं, नाहीतर भाताचं पाणी पाइपातून निघून जातं आणि काका लावणीला आकाशाकडे बघत बसतात. भात पिवळं पडायला लागलं की कापणीच्या आधी दोन आठवडे टोपण काढायचं.

त्यानंतरच्या जानेवारीत, कालवा सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर, नवीन मध्यांवरच्या नळ्या ५४, ५७ आणि ५१ दाखवत होत्या. सूत्रापेक्षा थोडं कमी, पण पाणी ५० सेंटिमीटरपेक्षा खोलच. बादली आता दोन मिनिटांच्या आत भरते, कारण बांधाजवळची ओळ पूर्वी शेतात मुरणारं पाणीही बाहेर काढते. पट्टे गेले. झाडं एका उंचीची झाली आहेत.

एक कोपरा मात्र अजून ओला आहे, साधारण दीड गुंठा. तिथे गिरमिट ६० सेंटिमीटरवरच खणकलं. पाणी ५० वर ठेवायचं तर फुगवट्याला १० सेंटिमीटरच उरतात, आणि हिशेब दोन ओळींत २ मीटर अंतर मागतो. तेवढ्या पाइपात तिथे भेंडी परवडणार नाही. काकांनी त्या कोपऱ्यात अळू लावलंय. ते तिथे छान आलंय.